गाडीचं वय कुठल्या शहराच्या हिशेबाने?

चिपळुणात जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिला प्रश्न पुराचा विचारतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात किती गाड्या दोन-दोन दिवस पाण्याखाली होत्या ते इथल्या प्रत्येकाने पाहिलंय. म्हणून गिऱ्हाईक सीटखालची मॅट उचलतं, बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाचा डाग आहे का बघतं, डॅशबोर्डच्या मागे हात घालतं. हे शहाणपण त्या पुराने दिलं आणि ते आता सवयीचं झालंय. दुसरा एक प्रश्न मात्र अजून कोणाच्या तोंडी बसलेला नाही. ही गाडी कुठल्या शहरात पासिंग झालेली आहे, आणि त्या शहरात पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या वयाला काय मर्यादा आहे?

हा प्रश्न काढला की ठरलेलं उत्तर येतं, 'ते दिल्लीला. आपल्याकडे कोण विचारतो?' एका अर्थी ते खरंही आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आज दहा वर्षांची डिझेल गाडी बिनधास्त फिरते, पंधरा वर्षांची पेट्रोल गाडीही फिरते, आणि कुठलाही पोलीस तिला केवळ वयावरून अडवत नाही. पण माझं म्हणणं असं की याच निर्धास्तपणामुळे आपण फसतो. वयाचा नियम आपल्या गावात लागू नसला तरी तो गाडीच्या कागदांतून आपल्या दारात येतो. आणि तो आपण समजतो तसा नुसता वर्षांचा नियमही राहिलेला नाही.

आधी आपल्याकडचा कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरायचा, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, ती चालण्याजोगी ठरली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. याला आपण रीपासिंग म्हणतो. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून चारचाकीला त्याची फी पाच हजार रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी ती दहा हजार केली. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर पडतो. उशीर केला तर चारचाकीला महिन्याला पाचशे रुपये जादा, ते वेगळेच. म्हणजे आपल्याकडे जुनी गाडी महाग होत जाते, पण बंद होत नाही. मुंबईतही खाजगी गाडीला आज हेच लागू आहे. तिथली वीस वर्षांची मर्यादा टॅक्सीची आहे. त्याच मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली. 'मुंबईत वीस वर्षांनी गाडी मोडीत काढतात' हा समज गावोगावी पसरला तो बहुधा त्या बातम्यांमुळे. टॅक्सीचा नियम खाजगी गाडीला लावून कोणी भाव पाडत असेल तर त्याला बसवून समजावून सांगावं.

आता दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या गाड्या दिल्लीच्या रस्त्यांवर नकोत असा आदेश दिला, आणि एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबद्दल. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं, आणि सगळ्या राजधानी परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा असा हिशेब पक्का झाला. पुढे जानेवारी २०२२ पासून दिल्लीच्या परिवहन विभागाने दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्यांची नोंदणी रद्द करायला सुरुवात केली. गाडी कितीही ठणठणीत असो, मालकापुढे मग दोनच वाटा उरल्या, भंगारात द्यायची किंवा एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, घेऊन दुसऱ्या राज्यात विकायची.

या दुसऱ्या वाटेचं एक टोक आपल्याकडे येतं. दिल्ली पासिंगची सात सीटची डिझेल गाडी, आतून स्वच्छ, किलोमीटर बेताचे, आणि इथल्या तशाच गाडीपेक्षा दीड-दोन लाखांनी स्वस्त. एजंट सांगतो, 'तिकडे बंदी आलीय ना, म्हणून देतायत.' गणपतीला माणसं आणायला, पर्यटकांच्या मोसमात घरच्या लॉजसाठी वापरायला अशी गाडी कोणालाही आवडेल. मला यात मुळात काही वावगं वाटत नाही. दिल्लीच्या कोरड्या हवेत दहा वर्षं काढलेल्या गाडीचा खालचा पत्रा मालवण-वेंगुर्ल्याला समुद्रालगत उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा चांगला असू शकतो. आपल्याकडच्या मिस्त्रीला विचारा. तो आधी वर्ष विचारत नाही, खाली वाकून चासीच्या सांध्यांवर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघतो.

पण 'बंदी आली म्हणून स्वस्त' या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण २०२५ मध्ये तो नियमच वर्षभरात अनेकदा फिरला. १ जुलैपासून वयाची मर्यादा ओलांडलेल्या गाड्यांना दिल्लीतल्या पंपांवर इंधन द्यायचं नाही असं ठरलं होतं. कॅमेरा नंबर टिपणार, यंत्रणा वय काढणार. गाडी कुठल्याही राज्याची असो, तिलाही ते लागू होतं, म्हणजे रत्नागिरीच्या एमएच-०८ नंबरची बारा वर्षांची डिझेल गाडी घेऊन कोणी दिल्लीला गेला असता तरी अडकला असता. आठवड्याभरात ते बारगळलं आणि पुढे ढकललं गेलं. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या वयावरून अशा गाड्यांच्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नका. मग १७ डिसेंबरला त्याच न्यायालयाने त्या संरक्षणाला रेघ आखून दिली. गाडीने किती धूर सोडावा याचं सरकारी मानक म्हणजे भारत स्टेज, आकडा वाढेल तसं ते कडक. संरक्षण फक्त भारत स्टेज चार आणि त्यापुढच्या गाड्यांना. भारत स्टेज तीन आणि त्याआधीच्या जुन्या गाड्यांवर कारवाईला वाट मोकळी.

मला या सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा आदेश. वयाच्या बरोबरीने, किंबहुना वयाच्या पुढे, गाडीचं इंजिन कुठल्या उत्सर्जन मानकाचं आहे हे त्याने आणून ठेवलं. आणि इथे कोकणातल्या गाड्यांचा एक वेगळाच गुंता आहे.

भारत स्टेज चार मानक सगळ्या देशात एका दिवशी आलं नाही. १ एप्रिल २०१० ला ते चारचाकींसाठी तेरा शहरांत लागू झालं. त्यांत दिल्ली परिसर होता, मुंबई होती, पुणे होतं, सोलापूरही होतं. बाकी बहुतेक देशात त्या वर्षी स्टेज तीन आलं. मग टप्प्याटप्प्याने शहरं वाढत गेली आणि १ एप्रिल २०१७ ला चार सगळीकडे सक्तीचं झालं. मधल्या वर्षांत रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात स्टेज तीनची नवी गाडी विकता येत होती, नोंदवता येत होती, आणि त्यात बेकायदा काहीच नव्हतं. काही कंपन्या सगळीकडे चारच्याच गाड्या देत, पण गावाकडे खपणाऱ्या जीपच्या वळणाच्या डिझेल गाड्या आणि टेम्पो यांत तीनचं इंजिन बराच काळ येत राहिलं.

याचा परिणाम बघा. २०१२ ची दिल्ली पासिंगची डिझेल कार घ्या. ती चारची असणार, कारण दिल्लीत २०१० नंतर दुसरी गाडी नोंदवायला जवळजवळ वावच नव्हता. आणि २०१४ ची एमएच-०८ पासिंगची डिझेल जीप घ्या, ती तीनची असू शकते. आपल्याकडचा गिऱ्हाईक म्हणणार, दुसरी दोन वर्षांनी नवी, शिवाय स्थानिक, एका हातची, तिला पन्नास हजार जास्त देऊ. पण न्यायालयाने आखलेल्या रेघेच्या हिशेबाने जुनी दिल्लीवाली अलीकडे आणि नवी रत्नागिरीवाली पलीकडे. नुसतं आरसीवरचं वर्ष बघून भाव ठरवणारा इथे उलटा भाव देतो.

त्याच तर्काने एजंटचं वाक्यही तपासता येतं. दिल्लीची स्टेज तीनची डिझेल गाडी म्हणजे सहसा एप्रिल २०१० च्या आधीची, म्हणजेच आज पंधरा वर्षं ओलांडलेली. दिल्लीच्या परिवहन विभागाने डिसेंबर २०२१ च्या आदेशात पंधरा वर्षांवरच्या डिझेल गाडीला एनओसी देणार नाही असं स्पष्ट केलं होतं. म्हणजे त्या आदेशाप्रमाणे जी दिल्लीवाली डिझेल गाडी सरळ मार्गाने चिपळुणात येऊ शकते ती साधारण चारची. आणि चारच्या गाडीला डिसेंबर २०२५ च्या आदेशानंतरही तिकडे सक्तीच्या कारवाईपासून संरक्षण आहे. मग ती 'बंदीमुळे' एवढी स्वस्त का, हे विचारायला हवं. उत्तर सरळही असेल. कारवाई होणार नाही म्हणजे रद्द झालेली नोंदणी आपोआप जिवंत झाली असं नाही, आणि कंटाळलेला मालक कमी भावात मोकळा होऊ बघतो. उत्तर वाकडंही असेल, चलनं थकलेली, कर्जाचा बोजा उतरलेला नाही, किंवा अपघात झालेला.

हे सगळं घरबसल्या किती कळतं? बरंच. parivahan.gov.in वर किंवा mParivahan ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, उत्सर्जन मानक, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा कधीपर्यंत, बोजा आहे का आणि आरसीची आजची स्थिती दिसते. आरसीचं कार्ड हातात घेऊन समाधान मानू नये. कार्डावर पंधरा वर्षांची तारीख छापलेली असू शकते आणि ऑनलाइन नोंद मात्र रद्द झालेली असते. कार्ड छापलं त्या दिवशीचं सांगतं, पोर्टल आजचं. वय मोजायचं ते पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून. डिसेंबरमध्ये कारखान्यातून निघालेली आणि एप्रिलमध्ये नोंदलेली गाडी विकणारा सोयीप्रमाणे या किंवा त्या वर्षाची सांगतो. एक जागा खास बघण्यासारखी आहे, मार्च २०१७ चे शेवटचे दिवस. स्टेज तीनच्या गाड्या १ एप्रिलपासून विकता येणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला सांगितलं आणि दोन दिवसांत, विशेषतः दुचाकींवर, सवलतींचा पाऊस पडला. त्या तारखांची गाडी २०१७ ची दिसते, पण मानक तीनचं असण्याची शक्यता मोठी.

पोर्टलवर जमलं की मग एनओसी. कलम ४८ चा हा दाखला, फॉर्म २८ वर, गाडी ज्या आरटीओत नोंदलेली आहे तिथून मिळतो आणि तो ठरावीक आरटीओच्या नावे असतो. 'महाराष्ट्रासाठी काढलीय' हे पुरेसं नाही. चिपळूण-रत्नागिरीत नोंदवायची तर त्यावर रत्नागिरीचं नाव हवं. पुण्याच्या नावाची एनओसी घेऊन आलेली गाडी इथे अडते, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा दिल्लीची वारी करायची ती मूळ मालकाने, जो तोपर्यंत फोन उचलत नसतो. दिल्लीच्या जुन्या डिझेल गाड्यांबाबत आणखी एक पाचर आहे. अशा गाड्या जिथे हवा खेळती आहे आणि वाहनं विरळ आहेत अशाच भागांत जाऊ द्याव्यात असं लवादाने म्हटलं होतं आणि राज्यांनी ते भाग ठरवायचे होते. त्यामुळे एकाच राज्यातल्या सगळ्याच जिल्ह्यांसाठी दाखला मिळेल असं गृहीत धरता येत नाही. आपला जिल्हा चालतो का हे बयाणा देण्याआधी कळायला हवं, आणि ते एजंटकडून नव्हे तर आपल्या आरटीओच्या खिडकीवरून.

आता पैशांचं गणित, कारण शेवटी सगळं तिथेच येतं. पुढचे आकडे उदाहरणाचे आहेत, रीत महत्त्वाची. समजा फेब्रुवारी २०१५ ला दिल्लीत नोंदलेली डिझेल गाडी पाच लाखांना मिळतेय. तशीच, त्याच महिन्यातली एमएच-०८ गाडी इथे पावणेसात लाखांना आहे. फरक पावणेदोन लाखांचा, आणि गिऱ्हाईकाचं मन तिथेच विरघळतं.

पण नोंदणी रद्द झालेली गाडी दिल्लीहून स्वतः चालवत आणता येत नाही. ती ट्रेलरवर चढवून आणायची. दीड हजार किलोमीटरच्या वर अंतर, समजा तीस हजार. मग महाराष्ट्राचा कर. दिल्लीत भरलेला कर इथे चालत नाही. इथे गाडीच्या मूळ किमतीवर कर बसतो आणि वयाप्रमाणे तो कमी होतो. दहा ते वीस लाखांच्या नव्या डिझेल गाडीला १४ टक्के या दराने, बारा लाख मूळ किंमत धरली तर, नव्या गाडीला तो एक लाख अडुसष्ट हजार झाला असता. अकरा वर्षांच्या गाडीला त्याचा एक हिस्सा. समजा साठ हजार. नेमका आकडा आरटीओतून आधी काढून घ्यावा, कारण हिशेब चुकतो तो बहुतेक याच ओळीत. नवा नंबर, नव्या पाट्या, फी, एजंटचे पैसे मिळून दहा हजार. म्हणजे पाच लाखांची गाडी घरी उभी राहीपर्यंत सहा लाखांची झाली. फरक उरला पाऊण लाखाचा.

दोन्ही गाड्यांची पंधरा वर्षं फेब्रुवारी २०३० ला पुरी होतात. एनओसी घेऊन आली म्हणून दिल्लीवालीला नवं आयुष्य मिळत नाही, वय पहिल्या तारखेपासूनच चालू राहतं. २०२६ च्या फेब्रुवारीत घेतली तर पक्के ४८ महिने. पाऊण लाख भागिले अठ्ठेचाळीस म्हणजे महिन्याला दीड हजारांच्या आसपास. एवढ्या फायद्यासाठी अनोळखी मालक, न पाहिलेला सर्व्हिसचा इतिहास आणि दोन आरटीओंच्या खेपा पत्करायच्या का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी स्वतः गाडीचा पत्रा खरंच चांगला असेल आणि एनओसी रत्नागिरीच्या नावाने तयार असेल तर पत्करीन. एनओसी 'आठवड्यात येईल' असेल तर नाही. शिवाय इथली गाडी स्टेज तीनची आणि दिल्लीची चारची असेल, तर हाच फरक मला पाऊण लाखाहून मोठा वाटेल. तो का, ते मुंबईशी जोडलेलं आहे.

काही जण यातून पळवाट काढतात. दिल्लीचाच नंबर ठेवायचा, मालकाकडून मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि गाडी फिरवायची. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, तोवर चालतं, असा त्यांचा हिशेब. वैध नोंदणीच्या गाडीला ती मुदत आहे. रद्द झालेल्या नोंदणीच्या गाडीला बारा महिनेच काय, बारा दिवसही नाहीत. ती कायद्याच्या लेखी बिननोंदणीची गाडी, आणि कशेडीत किंवा परशुराम घाटात ती कोणाला लागली तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार.

आता मुंबई. कोकणातल्या गाडीचं आयुष्य मुंबईपासून वेगळं काढताच येत नाही. गाडी गावाला असते, मालक गोरेगावात. किंवा गाडी मुंबईची, मुक्काम गावाला. आणि मुंबई महानगर प्रदेश म्हणजे दहिसर-मुलुंडपर्यंतची मुंबई नव्हे. पनवेल, उरण, पेण, अलिबाग हा रायगडचा भागही त्यात येतो. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाबाबत स्वतःहून दाखल केलेल्या याचिकेत विचारलं की या प्रदेशातून पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का. राज्य सरकारने त्याच महिन्यात निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. सीएनजी आणि विजेच्या गाड्यांनाच परवानगी द्यावी का, हा तिच्यापुढचा प्रश्न.

उद्या या प्रदेशासाठी काही मर्यादा आलीच तर ती कशी असावी? माझं मत स्पष्ट आहे. दिल्लीसारखी नुसती कॅलेंडरची मर्यादा आणू नये. पंधराव्या वाढदिवसाला गाडी अचानक धूर सोडू लागत नाही. गणपतीला दोनदा आणि शिमग्याला एकदा गावी जाणारी, एरवी सोसायटीत झाकून ठेवलेली पेट्रोल गाडी आणि रोज दोनशे किलोमीटर भाड्याने धावणारी डिझेल गाडी यांना एकाच वयाची फूटपट्टी लावणं म्हणजे मोजायला सोपं तेच मोजणं. दिल्लीला दहा वर्षांनी तेच कळलं आणि न्यायालयाला मानकाची रेघ आखावी लागली.

यावर विरोधी बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ते म्हणतात, तपासणीवर भरवसा ठेवायचा तर पीयूसी कशी मिळते ते सगळ्यांना माहीत आहे. पंपाशेजारच्या टपरीत नळी न लावता दाखला निघतो. वयात अशी हातचलाखी होत नाही, तारीख म्हणजे तारीख. हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच मी मधली वाट धरतो. पहिली चाळणी उत्सर्जन मानकाची, कारण तेही तारखेसारखंच नोंदीत पक्कं आहे आणि टपरीत बदलता येत नाही. वय फक्त तपासणी किती वर्षांनी करायची ते ठरवण्यापुरतं. हे झालं तर अन्याय कमी होईल, पण कोकणवाल्यांची झळ संपणार नाही. २०१० ते २०१७ मध्ये ज्यांना इथे कायदेशीरपणे स्टेज तीनची गाडी विकली गेली, त्यांनी कुठली चूक केली नव्हती, आणि मुंबईच्या हद्दीवर अडणार ते तेच. त्यांना भंगाराच्या बदल्यात करसवलत किंवा पुरेशी मुदत हे सरकारने नियमासोबतच जाहीर करायला हवं, नंतर मोर्चा आल्यावर नव्हे.

म्हणून आज ज्याची जुनी गाडी पनवेलच्या पलीकडे नियमित जाणार आहे, त्याने घेताना मानक चारच्या खाली उतरू नये असं मी सांगेन. ज्याची गाडी दापोली-खेड-मंडणगड एवढ्यातच फिरणार, त्याला तीनची गाडी चालेल, फक्त भाव त्याप्रमाणे पाडून घ्यावा, कारण पाच वर्षांनी ती विकायला काढली की मुंबईचं गिऱ्हाईक तिला नसेल.

आणि हे तपासण्याचं ओझं सगळं गिऱ्हाईकावर का? अधिकृत विक्रेते असोत की चहाच्या टपरीवर बसणारे एजंट, गाडीची जाहिरात करताना वर्ष, मॉडेल, किलोमीटर सगळं लिहितात. पहिल्या नोंदणीची तारीख, उत्सर्जन मानक आणि आरसीची आजची स्थिती या तीन गोष्टी लिहायला त्यांना काही खर्च नाही. परिवहन विभागाने त्या सक्तीच्या कराव्यात. परराज्यातली गाडी घेणाऱ्याला आरटीओने एनओसी येण्याआधीच लेखी सांगावं की या नंबरची गाडी आमच्याकडे नोंदली जाईल की नाही आणि कर किती पडेल. सगळी माहिती संगणकावर आहे, खिडकीवरच्या माणसाला ती एका मिनिटात दिसते. आज गिऱ्हाईकाला तेच तोंडी मिळतं, 'गाडी आणा, मग बघू', आणि गाडी आणेपर्यंत पैसे गेलेले असतात.

ते होईपर्यंत व्यवहाराच्या कागदात एक अट घालून घ्यावी. बयाणा देताना स्टॅम्प पेपरवर लिहावं की रत्नागिरी आरटीओच्या नावे वैध एनओसी अमुक तारखेपर्यंत मिळाली नाही, किंवा वयामुळे वा नोंदणी रद्द झाल्यामुळे गाडी इथे नोंदली गेली नाही, तर पूर्ण रक्कम परत. उरलेली रक्कम एनओसीची नोंद पोर्टलवर दिसल्यावरच द्यावी. यावर सही करायला जो विकणारा काचकूच करतो, त्याच्या गाडीखाली वाकून पत्रा बघण्याचेही कष्ट घेऊ नयेत.